आठ गुणांचा फरक

तिसऱ्यांदा नापास झालं की ज्योतिष मंडळ कायमचं दार लावतं, हा नियम टाचणीताईंना पाठ होता. कपडे अल्टर करण्याच्या दुकानात दिवसभर तोंडात टाचण्या धरून बसायच्या म्हणून गिऱ्हाइकांनी त्यांना हे नाव दिलं होतं, आणि आता घरातले लोकही ते हाक मारायला वापरत. वय एक्कावन्न. वीस वर्षं त्या पाश्चात्त्य पद्धतीचं ज्योतिष शिकत होत्या, तेही स्वतःचं स्वतः, पुस्तकं मांडीवर आणि पँट मशीनवर अशा अवस्थेत. मंडळाचं प्रमाणपत्र मिळालं की खालच्या मजल्यावरच्या सल्लागृहात एक टेबल मिळतं. त्या टेबलावर बसून, हात रिकामे ठेवून, कुणाशी तरी तासभर नीट बोलायचं, एवढीच त्यांची हाव होती.

मागच्या दोन्ही वेळा त्या अज्ञानामुळे नापास झाल्या नव्हत्या. पहिल्या वेळी त्यांनी मीन राशीतल्या शुक्राला उच्चीचे चार गुण दिले. मुख्य परीक्षकांनी चष्म्यावरून पाहून नुसतं "नक्की?" म्हटलं. ताईंनी लगेच चाराचे पाच केले. दुसऱ्या वेळीही तेच: बरोबर उत्तर, परीक्षकांची एक नजर, आणि खोडाखोड. "अगं, तू उत्तरं पाठ करतेस, पण पाय रोवायचं कधी शिकणार?" असं नवरा म्हणाला होता. तो खवचट माणूस आहे, पण खोटं बोलत नाही.

परीक्षेची खोली लांबट होती. एक टेबल, चार खुर्च्या, पाण्याचा जग, भिंतीवर सेकंद मोठ्यानं मोजणारं घड्याळ. टेबलाच्या पलीकडे मुख्य परीक्षक बसले होते. वय चौऱ्याहत्तर, पाठ सरळ, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. त्यांना सगळे सर म्हणत. मंडळाची नियमपुस्तिका त्यांनीच लिहिलेली, आणि ती ते स्वतःवरही चालवत, म्हणून लोक त्यांना घाबरतही आणि मानतही. त्यांच्या शेजारी दुसऱ्या परीक्षक, पेशानं दातांच्या डॉक्टर. या बाई समोरच्याच्या तोंडाकडे अशा पाहत की कुठली दाढ किडली आहे ते कळलंच असावं.

"पाकीट उचला," सर म्हणाले.

खोक्यात चाळीस बंद पाकिटं होती. प्रत्येकात एका निनावी माणसाची कुंडली आणि वेगळ्या घडीत सरांनी काढलेलं उत्तर. ताईंनी तळातलं उचललं. दातांच्या बाईंनी ते फोडलं, कुंडली ताईंपुढे सरकवली, उत्तराची घडी सरांपुढे ठेवली. सरांनी घडी उघडलीच नाही. कुंडलीकडे मात्र एकदा पाहिलं आणि जगातलं पाणी ग्लासात ओतलं. थोडं टेबलावर सांडलं. ताईंना वाटलं, म्हातारपण.

"तीन भाग आहेत, तुम्हाला माहीतच आहे," बाई म्हणाल्या. "पहिल्यात चार ग्रहांचं अंगभूत बळ मोजायचं. शुक्र, मंगळ, सूर्य, गुरू. दुसऱ्यात का ते सांगायचं. तिसऱ्यात हा माणूस समोर बसलाय असं समजून त्याला ते सांगायचं. अर्धा तास."

कागद जुना होता, शाई तपकिरी झालेली. गोल चक्र, मधून आडवी रेघ. ती रेघ म्हणजे क्षितिज. डाव्या टोकाला मेष चार अंश उगवते आहे, उजव्या टोकाला तूळ चार अंश मावळते आहे. ताईंनी पेन्सिल घेतली. इथपर्यंत भीती नव्हती. मोजणं हे त्यांच्या हातातलंच काम.

शुक्र तुळेत नऊ अंश. तूळ शुक्राची स्वतःची रास, म्हणजे माणूस स्वतःच्या घरात. पाच गुण. दुसरं काही मिळतं का पाहावं लागतं. राशीचे तीस अंश पाच ग्रहांमध्ये कमीजास्त वाटून दिलेले असतात, त्या वाटणीला मंडळात हद्द म्हणत, आणि आपल्या हद्दीत असलेल्या ग्रहाला दोन गुण मिळत. नवव्या अंशाची हद्द बुधाची. दहा-दहा अंशांच्या तुकड्याला, म्हणजे द्रेष्काणाला, एक गुण. इथे तो चंद्राचा. तेव्हा शुक्राला नुसते पाच.

मंगळ वृषभेत अठ्ठावीस अंश. मंगळाचं घर वृश्चिक, आणि वृषभ बरोबर त्याच्या समोर. आपल्या घराच्या समोरच्या राशीत गेलेला ग्रह परक्याच्या अंगणात उभा असतो, त्याचे पाच वजा. पण वृषभेचे शेवटचे तीन अंश मंगळाच्याच हद्दीत. दोन अधिक. उणे तीन. ताईंनी या हद्दी पाठ करायला जुनी मोजपट्टी वापरली होती, तीस खुणांवर पाच रंगांचे दोरे शिवून. अजूनही डोळे मिटले की त्यांना दोरे दिसत.

सूर्य तुळेत दोन अंश. सूर्य मेषेत उच्चीचा, चार गुणांचा मानकरी. तूळ मेषेच्या समोर, तेव्हा तिथे तो नीच, उणे चार. शिवाय त्याला तिथे ना राशीच्या तत्त्वाचा आधार, ना हद्द, ना द्रेष्काण. असा ग्रह सगळीकडूनच उपरा, त्याचे आणखी पाच वजा. काही ठिकाणी हे दोन्ही एकत्र मोजत नाहीत, मंडळात मोजत. उणे नऊ.

आता गुरू. सिंहेत बावीस अंश. घर सूर्याचं. सिंहेत उच्च कुणीच नाही. बाविसाव्या अंशाला हद्द बुधाची, द्रेष्काण मंगळाचा. राहिलं तत्त्व, त्याच्या धन्याला तीन गुण. सिंह अग्नीची रास, आणि अग्नीच्या राशींचा धनी दिवसा सूर्य असतो, रात्री गुरू. जन्म दिवसाचा असेल तर या गुरूच्या हाती काहीच नाही: उपरा, उणे पाच. जन्म रात्रीचा असेल तर तत्त्वाचा धनी तोच: अधिक तीन.

ताईंनी रेघेकडे पाहिलं. कागदावर सूर्याचं चिन्ह एवढं मोठं काढलं होतं की ते रेघेवरच बसल्यासारखं दिसत होतं. पण चित्र म्हणजे अंश नव्हे. मावळतीच्या टोकाला तुळेचे चार अंश. या बाजूला अंश खालून वर चढत जातात. म्हणजे पाच, सहा, सात अंश रेघेच्या वर, आणि दोन अंश खाली. सूर्य मावळलेला होता. पाच-सात मिनिटांपूर्वीच, पण मावळलेला.

त्यांनी गुरूपुढे लिहिलं: अधिक तीन.

कागद सरांकडे गेला. त्यांनी वरून खाली पाहिलं, पहिल्या तीन ओळींवर बरोबरच्या खुणा केल्या आणि चौथ्या ओळीवर पेन थांबलं.

"नक्की?"

तोच शब्द, तोच चष्मा. घड्याळ पूर्वीपेक्षा मोठ्यानं चालल्यासारखं वाटलं. सरांनी कागद परत सरकवला. "पाच मिनिटं आहेत. पुन्हा पाहा. हवं तर बदला."

खोडरबर समोरच होतं. बदलणं किती सोपं! सरांच्या उत्तरात काय आहे ते आता लहान मूलही सांगेल. उणे पाच लिहायचं, दुसऱ्या भागात दिवसाचा जन्म म्हणायचं आणि प्रमाणपत्र घेऊन जिना उतरायचं. त्यात कुणाचं काय जाणार होतं? निनावी माणूस, जुना कागद. ताईंनी रबर उचललंसुद्धा.

मग त्यांनी पुन्हा अंश पाहिले. दोन आणि चार. चार आणि दोन. कितीही वेळा पाहिलं तरी दोन चारापेक्षा मोठे होईनात. दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, कंबर बत्तीसच आहे हो, पूर्वीपासून बत्तीसच. पण पट्टी छत्तीस दाखवते, आणि बत्तीसची पँट शिवली तर चारचौघांत फाटते ती शिवणारणीच्या नावानं.

त्यांनी रबर खाली ठेवलं. "नाही बदलत, सर."

"काय?"

"अधिक तीनच आहे. जन्म रात्रीचा आहे." आवाज चिरकला, पण वाक्य पूर्ण झालं.

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "अकरा वर्षांत हे पाकीट तीन जणांना आलं. तिघांनीही उणे पाच लिहिलंय."

"लिहिलं असेल."

"तिघं शहाणे चुकले आणि तुम्ही एकट्या बरोबर?"

"त्यांनी चित्र पाहिलं असेल. किंवा..." ताई थांबल्या. किंवा तुमचा चष्मा पाहिला असेल, हे ओठांवर आलं होतं. "सूर्य दोन अंशांवर आहे, सर, आणि मावळती चारावर. सूर्य रेघेखाली आहे."

"त्या वेळी उजेड होता!" सरांनी टेबलावर हात आपटला. ग्लासातलं पाणी हिंदकळलं. "दिवा लावायची गरज पडली नव्हती. सुईणीनं खिडकीच्या उजेडात नाळ कापली. आई शंभर वेळा सांगायची!"

दातांच्या बाईंनी हळूच उत्तराची घडी ओढून उघडली. आत पिवळा कागद होता. त्यावरचं अक्षर सरांचं नव्हतं. जुन्या वळणाच्या अक्षरात चार ओळी होत्या, आणि चौथीखाली दुहेरी रेघ.

"सर," बाई म्हणाल्या, "ही कुंडली तुमची आहे."

सरांनी वरचं बटण चाचपलं, ते लावलेलं आहे याची खात्री केली.

"आणि हे मोजलंय कुणी?" बाईंनी विचारलं.

"माझ्या शिक्षकांनी," सर म्हणाले. "मी बावीस वर्षांचा होतो. त्यांनी मोजलेलं आम्ही पुन्हा मोजत नसू. तशी रीतच नव्हती. खोक्यात टाकताना त्यांचाच कागद टाकला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चाळीस पाकिटांतून नेमकं हेच उचलायचं होतं! पण आता मागे फिरायला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर ताईंना फिरायचंही नव्हतं.

"सर, तुमच्या पुस्तिकेत सहावा नियम आहे," त्या म्हणाल्या. "सूर्य क्षितिजाखाली गेला की रात्र. संधिप्रकाश धरू नये. तुम्हीच लिहिलंय."

"मला माहीत आहे मी काय लिहिलंय."

"मग मी काय करू? दुसऱ्यांना एक माप आणि..." पुढचं त्यांनी गिळलं.

सरांनी कुंडली स्वतःकडे ओढली. चष्मा काढला, कागद नाकाशी धरला. पेनाचं टोक चारावर ठेवलं, मग दोनावर, मग पुन्हा चारावर. दुसऱ्यांच्या हजारो कुंडल्यांत हे काम त्यांनी एका नजरेत केलं असेल. या एका कागदावर बावन्न वर्षांत एकदाही केलं नव्हतं. ताई पाहत होत्या आणि त्यांना त्या माणसाची दया आली, आणि त्याची भीतीही वाटली, कारण आता तो काय करील सांगता येत नव्हतं. पेन त्याच्या हातात होतं. उणे पाच हेच उत्तर धरून त्यानं नापास लिहिलं असतं, तरी दाद कुठे मागणार?

"मेष लग्न," सर स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले. "धनू नववी. विद्येचं घर. त्याचा मालक हा गुरू. शिक्षकांनी मला समोर बसवून सांगितलं, तुझ्या विद्येचा मालक उपरा आहे, रे. त्याला कुठे बसायला जागा नाही. तुझ्याकडून शिकलेलं कुणाला लागायचं नाही. तू मोज, तपास, पण शिकवू नकोस." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "म्हणून मी परीक्षा घेतो."

दातांच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मंडळात पन्नास वर्षं वावरलेल्या या माणसाचा एकही विद्यार्थी नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक त्याला माज म्हणत. ताई स्वतःही तेच म्हणत आल्या होत्या.

"आपण इथेच थांबूया का?" बाईंनी विचारलं. "दुसरं पाकीट देता येईल."

"नाही," सर म्हणाले. "पाकीट एकदा उघडलं की बदलत नाहीत. अकरावा नियम. पहिला भाग झाला. दुसराही झाला, का ते सांगितलंय त्यांनी. तिसरा राहिलाय."

"सर..."

"राहिलाय," ते म्हणाले आणि उठले. टेबलाला वळसा घालून रिकाम्या चौथ्या खुर्चीवर, ताईंच्या समोर, येऊन बसले. ती खुर्ची सल्ला घ्यायला आलेल्या माणसाची. हात गुडघ्यांवर ठेवून ते बसले, दवाखान्यात नंबर लागलेल्या माणसासारखे.

"सांगा," ते म्हणाले. "माझा गुरू कसा आहे?"

वीस वर्षं ताईंना हेच हवं होतं: हात रिकामे, समोर एक माणूस, आणि तो ऐकतोय. आणि आता त्या क्षणी जग सोडून कुठेतरी पळावंसं वाटत होतं.

"बरा आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे, राजा नाही. स्वतःच्या घरात असता तर पाच मिळाले असते, उच्चीचा असता तर चार. तसं काही नाही. पण त्याला त्याच्या तत्त्वाचा आधार आहे. आजूबाजूची माणसं त्याची आहेत, त्याला धरून आहेत. तो उपरा नाही, सर. कधीच नव्हता."

"म्हणजे मी शिकवू शकलो असतो?"

इथे एक पळवाट होती. तीन गुण काही फार नाहीत, असं म्हणता आलं असतं. बाकीचं बघावं लागेल, सूर्य नीच आहे, मंगळ परक्या अंगणात आहे. ते खोटंही नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला घरी नेता येईल असं काहीतरी देता आलं असतं, आणि त्याचे मार्कही कदाचित मिळाले असते. ताईंनी त्यांच्या गुडघ्यांवरच्या हातांकडे पाहिलं. नखं स्वच्छ कापलेली, बोटांना खडूचा डाग कधीच न लागलेला.

"हो," त्या म्हणाल्या. "शिकवू शकला असता."

सरांनी मान हलवली.

"आणि उणे पाच असते तर?"

"तरीही," ताई म्हणाल्या, आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. "दुबळा ग्रह म्हणजे काम जड जाणार, एवढंच. करू नकोस असं कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नाही. ते तुमच्या सरांनी वरून जोडलं. आणि तुम्ही ते धरून बसलात, कारण..." त्यांनी मान वर केली. "कारण शिकवायची तुम्हालाही भीती वाटत असेल. मला वाटते तशी."

दातांच्या बाई खिडकीकडे पाहू लागल्या. सर उठले, आपल्या खुर्चीवर गेले, फॉर्म ओढला आणि तीन रकान्यांत तीन आकडे लिहिले. अक्षर नेहमीसारखंच ठळक होतं. सही केली, शिक्का मारला, फॉर्म बाईंपुढे सहीसाठी सरकवला.

"उत्तीर्ण," ते म्हणाले. "खाली कारकुनाकडून टेबलाचा नंबर घ्या."

ताई उठल्या. आनंद व्हायला हवा होता आणि तो कुठेतरी असणारही, पण आत्ता त्यांना आपण चोरी करून निघालोय असं वाटत होतं. दाराशी पोहोचल्या तेव्हा सरांनी हाक मारली.

"ताई, एक सूचना. फॉर्मात लिहिली नाही."

"बोला ना, सर."

"पुढच्या माणसाला सांगताना एवढं थांबत थांबत सांगू नका," सर म्हणाले. त्यांनी पिवळ्या कागदावरची चौथी ओळ खोडून तिथे नवा आकडा लिहिला होता आणि शाई वाळायची वाट पाहत होते. "लगेच सांगून टाका. त्याच्याकडे वेळ किती उरलाय ते तुम्हाला माहीत नसतं."